अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे: नटाच्या आतला पुरावा कसा वाचायचा?

संशोधनाच्या तयारीत असलेल्या मित्रमैत्रिणींनो, आज एका नटाबद्दल लिहितेय. त्या नटामुळे माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणातली दोन पानं मला काढून टाकावी लागली. का काढावी लागली, हे नीट सांगायचं तर पोलादाच्या भोकात आटे कसे पाडतात, हे आधी बघावं लागेल. मलाही ते करून बघितल्यावरच कळलं.

माझं तिसरं प्रकरण एकोणिसाव्या शतकातल्या आट्यांच्या मानकांवर आहे. त्या निमित्ताने पायाने चालवायच्या एका जुन्या छपाई यंत्राचे सुटे भाग मला हाताळायला मिळाले. त्यात एक पोलादी नट होता, तीन सुती. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आपल्याकडचे मिस्त्री आजही नट-बोल्टची मापं सुतात सांगतात. म्हणजे हा नट ३/८ इंची बोल्टचा. आटे मोजले तर इंचाला सोळा. भिंगातून पाहिलं तर आट्यांचे माथे गोल नव्हते, चपटे होते. आणि मी लगेच लिहून टाकलं: 'नट अमेरिकन पद्धतीचा आहे, म्हणजे यंत्राची दुरुस्ती अमेरिकन सुट्या भागांनी झाली होती.' त्या एका वाक्यावर पुढची दोन पानं उभी केली.

मॅडमनी, म्हणजे माझ्या गाईडनी, समासात पेन्सिलीने एकच प्रश्न लिहिला: 'हा नट कसा बनवला असेल, ते सांगू शकशील?' मला सांगता येईना.

दोन मानकं, एकच आकडा

मी असं का लिहिलं, ते आधी सांगते. जोसेफ व्हिटवर्थ हा मँचेस्टरचा यंत्रकार. त्याने १८४१ साली लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्ससमोर सर्वांसाठी एकच आट्यांची पद्धत असावी, असा निबंध मांडला. त्याने इंग्लंडमधल्या मोठ्या वर्कशॉपमधून स्क्रूचे नमुने गोळा केले आणि त्यांची सरासरी काढून मापं ठरवली. त्याच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा. माथा आणि तळ दोन्ही गोल. पुढे १८६४ साली फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम सेलर्सने वेगळी पद्धत सुचवली. त्याचा कोन ६० अंशांचा. माथा आणि तळ चपटे. गोल माथा बनवणं अवघड आणि ५५ अंश तपासणं कटकटीचं, असं त्याचं म्हणणं होतं.

आता गंमत बघा. अर्ध्या इंचाच्या बोल्टला व्हिटवर्थचे इंचाला बारा आटे आहेत, तर सेलर्सचे तेरा. तिथे घोळ होत नाही, आटे मोजले की कळतं. पण तीन सुती मापात दोघांचेही सोळाच आहेत. त्यामुळे नुसते आटे मोजून काही ठरत नाही, आकार बघावा लागतो. मी आकार बघितला, चपटा माथा दिसला, आणि 'सेलर्स' असं लिहिलं. पुस्तकातली आकृती आणि समोरचा नट जुळला, एवढंच मी पाहिलं होतं.

तीन सुती आट्याला अडीच सुती भोक

मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी ओळखीच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये गेले. तिथल्या मिस्त्रीकाकांकडे लाकडी डबीत तीन टॅपचा जुना व्हिटवर्थ सेट होता. टॅप म्हणजे आतून आटे पाडायचं हत्यार: कडक पोलादाचा स्क्रूच, पण त्याच्या अंगावर उभ्या खोबणी काढलेल्या. त्या खोबणींना फ्लूट म्हणतात. खोबणीमुळे प्रत्येक आट्याला एक धार मिळते आणि कापलेल्या धातूला पडायला जागा मिळते. तीन सुती हातटॅपला अशा चार खोबणी होत्या.

काकांनी २० मिलिमीटर जाडीची माइल्ड स्टीलची पट्टी व्हाइसमध्ये धरली आणि सेंटर पंच मारून ड्रिल लावलं, पाच-सोळांश इंची, म्हणजे अडीच सुती. मी विचारलं, "काका, हेच माप का?" ते म्हणाले, "ताई, तीन सुतीला अडीच. माझ्या उस्तादाने सांगितलं, मी तुम्हाला सांगतोय."

मी घरी येऊन हिशेब केला. व्हिटवर्थच्या तीन सुती आट्याची पूर्ण खोली एका बाजूला साधारण १.०२ मिलिमीटर. बोल्टचा बाहेरचा व्यास ९.५२ मिलिमीटर. दोन्ही बाजूंची खोली वजा केली तर आतला व्यास ७.४९ उरतो. म्हणजे आकृतीबरहुकूम पूर्ण आटा हवा असेल तर भोक साडेसात मिलिमीटरचं पाहिजे. पण अडीच सुती ड्रिल ७.९४ मिलिमीटरचं. आटा पूर्ण खोलीच्या साधारण ७८ टक्केच पडणार. उरलेला भाग ड्रिलने आधीच काढून टाकलेला असतो.

ही कुचराई नव्हे. भोक तंतोतंत आतल्या व्यासाचं ठेवलं तर टॅपला फार धातू कापावा लागतो, जोर खूप वाढतो आणि टॅप तुटायची भीती असते. उलट आट्याची शेवटची टोकं वाढवून ताकद फारशी वाढत नाही. म्हणून भोक जाणूनबुजून मोठं ठेवतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे तोच माझ्या नटावर उलटणार आहे.

हाताला काय कळतं

भोकाच्या तोंडाची कड थोडी मोडून घेतली, म्हणजे पहिला आटा वर उचलला जात नाही. मग पहिला टॅप. हा पुढे निमुळता असतो. साधारण आठ आट्यांपर्यंत हळूहळू पूर्ण उंची गाठतो. याचं कारण हिशेबाने कळतं. एका बाजूला सुमारे ०.८ मिलिमीटर धातू कापायचा आहे. आठ आटे आणि प्रत्येकावर चार धारा, म्हणजे बत्तीस धारा ते काम वाटून घेतात. प्रत्येकीच्या वाट्याला मिलिमीटरचा चाळिसावा भाग येतो. सेटमधला शेवटचा टॅप टोकाशी जेमतेम दोनच आटे निमुळता असतो. त्याच्याने सुरुवात केली तर तेच काम आठ धारांवर पडतं, म्हणजे प्रत्येकीवर चौपट. म्हणून तो फक्त बंद भोकाच्या तळाशी आटे पूर्ण करायला वापरतात.

काकांनी तेलाचे थेंब सोडले, टॅप हँडलमध्ये बसवला आणि थोडा दाब देऊन दोन फेरे दिले. मग हँडल काढून छोटा गुण्या टॅपला लावला, आधी एका बाजूने, मग काटकोनातल्या दुसऱ्या बाजूने. टॅप सरळ होता. "आता दाबायचं नाही," ते म्हणाले, "तो आपला आपण ओढून घेतो. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे." आणि हँडल माझ्या हातात दिलं.

मी प्रामाणिकपणे मोजायला लागले. अर्धा, पाव. अर्धा, पाव. सहा-सात फेऱ्यांनंतर कुरकुर आवाज यायला लागला. हँडल पुढे जात होतं, पण सोडलं की थोडं परत येत होतं. मी आणखी जोर लावणार तेवढ्यात काकांनी मनगट धरलं. "तो फिरत नाहीये ताई, पिळला जातोय. मोजू नका, हाताला विचारा."

त्यांनी फळीवरचा एक तुकडा दाखवला. त्यात भोकाच्या आतच तुटलेला टॅप अडकलेला होता. टॅप ड्रिलइतकाच कडक असतो, त्यामुळे तो ड्रिल करून काढता येत नाही. खोबणीत काड्या घालून उलटा फिरवून बघतात किंवा ठिणग्यांनी झिजवणाऱ्या यंत्रावर नेतात. स्वस्त तुकडा असेल तर फेकून देतात. त्या टॅपनेही तुटण्याआधी असंच हँडल परत ढकललं असणार.

मग त्यांनी माझा टॅप सोडवला. तेल सोडलं, थोडा पुढे, थोडा मागे, पुन्हा पुढे. एका क्षणी मागे फिरवताना आत काहीतरी 'कट्' झालं आणि हँडल हलकं झालं. तो कट् म्हणजेच मागे फिरवण्याचं कारण.

मागे फिरवताना आत काय होतं

टॅप पुढे फिरतो तेव्हा धारेपुढे धातूची चिप सोलली जाते. बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात, ती आपोआप भुगा होऊन पडते. माइल्ड स्टील चिवट. त्याची चिप तुटत नाही, वळत वळत लांबते आणि खोबणीत गुंडाळी होऊन बसते. तिचं एक टोक अजून भोकाच्या भिंतीला चिकटलेलं असतं. खोबण छोटी, गुंडाळी वाढती. जागा संपली की गुंडाळी भिंतीत आणि टॅपमध्ये पाचरीसारखी अडकते.

टॅप मागे फिरवला की धारेच्या पुढे, खोबणीपलीकडे जी आट्यांची पुढची ओळ आहे, तिची मागची कड परत येते आणि चिपचं भिंतीला चिकटलेलं मूळ तोडते. हातात जाणवणारा कट् तो हाच. आता 'पाव फेरा' कुठून आला, तेही उमगतं. चार खोबणी असतील तर दर पाव फेऱ्याला एक खोबण येते, म्हणजे पाव फेरा मागे गेलं की ती कड चिपपर्यंत नक्की पोहोचते. टॅपला तीन खोबणी असतील तर थोडं जास्त मागे जावं लागेल. नियम फेऱ्याच्या मापाचा नाही, मूळ तुटण्याचा आहे. मी माप पाळलं, पण चिप तुटली की नाही ते पाहिलं नाही. शिवाय तेल घालायचं विसरले होते.

इथे तेलाचं कामही समजून घ्या. हाताने टॅप इतका सावकाश फिरतो की उष्णतेचा प्रश्न मोठा नसतो. प्रश्न घर्षणाचा आणि चिकटण्याचा असतो. कोरडं पोलाद पोलादावर घासलं की धातूचे कण धारेला चिकटतात आणि पुढे सरकताना आट्याची भिंत फाडतात. तेल मध्ये थर बनून ते चिकटणं कमी करतं. बिडात मात्र बरेच लोक तेल घालत नाहीत. त्यातलं ग्रॅफाइटच वंगणाचं काम करतं, आणि तेल घातलं तर भुग्याचा चिखल होतो.

हे सगळं सरळ खोबणीच्या हातटॅपपुरतं आहे, हेही सांगते. काही यंत्रटॅपच्या टोकाशी तिरकी धार असते. ती चिप पुढे ढकलत भोकाबाहेर काढते, मध्येच मागे फिरवावं लागत नाही. आणि आज असेही टॅप मिळतात जे कापतच नाहीत, धातू दाबून आटा उठवतात. तिथे चिपच नाही, तर तोडायचं काय?

जुन्या टॅपचं कापणं आणि दाबणं

त्या दाबणाऱ्या टॅपमुळे मला एक जुनी गोष्ट नीट कळली. लंडनचा कारागीर आणि लेखक चार्ल्स होल्ट्झाफेल याने १८४० च्या दशकात यंत्रकामावर लिहिलेल्या मोठ्या ग्रंथात टॅपच्या आडव्या छेदांच्या आकृत्या आहेत. त्यात नुसत्या बाजू घासून सपाट केलेले टॅप आहेत आणि खोबणी काढलेलेही आहेत. कागदावर ते फक्त वेगवेगळे आकार दिसतात. पण धार कुठे येते, ते बोटाने काढून बघा. सपाट बाजू घासून मिळणारी कड बोथट असते. ती धातू कापण्यापेक्षा खरवडते आणि दाबते. खोबण काढली की धार तीक्ष्ण होते, चिप सोलली जाते, आणि त्या चिपेचं करायचं काय हा प्रश्नही तिथेच जन्मतो. म्हणजे 'पाव फेरा मागे' ही सूचना टॅपच्या छेदाशी बांधलेली आहे. एखाद्या जुन्या मजकुरात ती दिसली, तर आधी त्या लेखकासमोर कोणता टॅप होता ते विचारा.

शब्दांबाबतही असंच. सेटमधल्या तीन टॅपना ब्रिटिश वापरात टेपर, सेकंड आणि प्लग म्हणतात. अमेरिकन वापरात टेपर, प्लग आणि बॉटमिंग. म्हणजे 'प्लग टॅप' ब्रिटिश पुस्तकात शेवटचा, अमेरिकन पुस्तकात मधला. माझ्या टिपणांत मी दोन्हीकडची माहिती एकाच शब्दाखाली लिहिली होती. ती सगळी टिपणं परत चाळावी लागली.

तेलाचा इतिहास शोधताना वेगळी अडचण आली. धातू कापताना वापरायच्या द्रवांबद्दल लिहिलेलं शोधायला गेलं की फ्रेडरिक टेलर समोर येतो. १९०६ साली अमेरिकन यंत्र अभियंत्यांच्या संस्थेसमोर केलेल्या धातुकर्तनावरच्या अध्यक्षीय भाषणात त्याने सांगितलं की हत्यारावर पाण्याची जोरदार धार सोडली की कापण्याचा वेग ३० ते ४० टक्क्यांनी वाढवता येतो. मिडव्हेल स्टीलच्या १८८४ सालच्या नव्या शॉपमध्ये तशी सोय केली होती. पण हे लेथबद्दल आहे. तिथे वेग जास्त, उष्णता जास्त, म्हणून पाणी. हाताने आटे पाडणाऱ्याला वेग वाढवायचा नव्हता. त्याला टॅप वाचवायचा होता आणि भिंत स्वच्छ हवी होती. त्याची तेलाची कुपी टेलरच्या प्रश्नात बसत नाही. कारखानदाराला ज्या कामात पैसा दिसला, त्या कामाचे आकडे आपल्यापर्यंत आले. तुमच्या विषयातही कोणत्या कामाचे आकडे कोणी आणि कशासाठी ठेवले, हे तपासा.

पट्टी कापून बघितली

आता मूळ मुद्द्यावर येते. काकांच्या देखरेखीखाली मी पट्टीत दोन भोकं पूर्ण केली. एकात भरपूर तेल, आणि प्रत्येक वेळी चिप तुटेपर्यंत मागे. दुसऱ्यात तेल नाही आणि अगदीच अडलं तरच मागे. मग दोन्ही भोकं हॅकसॉने उभी मधोमध कापली, कडा साफ केल्या आणि भिंगाखाली ठेवल्या.

दुसऱ्या भोकात आट्यांच्या भिंती फाटलेल्या होत्या, जागोजागी खरबरीत. पहिल्यातल्या भिंती स्वच्छ. आणि पहिल्यात मी कुठे कुठे थांबून टॅप मागे फिरवला, याची काहीच खूण नव्हती. साहजिक आहे: चिप तोडल्यावर भिंतीवर जो छोटा उंचवटा राहतो, तो मागून येणाऱ्या पूर्ण उंचीच्या धारा कापून टाकतात. म्हणजे नीट केलेल्या कामात मागे फिरवल्याचा पुरावा उरत नाही. नीट न केलेल्या कामाचा तेवढा उरतो. जुन्या भोकात खुणा नाहीत म्हणून त्या काळी मागे फिरवत नसत, असं म्हणता येणार नाही.

पण मला हादरवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. दोन्ही भोकांत आट्यांचे माथे चपटे होते. व्हिटवर्थचा टॅप, व्हिटवर्थचे सोळा आटे, आणि माथे सेलर्ससारखे चपटे!

कारण अडीच सुती ड्रिल. नटाच्या आट्याचा माथा म्हणजे भोकाच्या मधल्या बाजूचं टोक. व्हिटवर्थच्या आकारात या टोकाचा गोल भाग फक्त ०.१२ मिलिमीटर उंच असतो. ड्रिलने त्या बाजूचा ०.२२ मिलिमीटर धातू आधीच काढून टाकलेला. म्हणजे गोलाई जिथे यायची तिथे धातूच नव्हता. जे उरलं ते ड्रिल केलेल्या भोकाची मूळ भिंत, माझ्या हिशेबाने साधारण अर्धा मिलिमीटर रुंदीची सपाट पट्टी. व्हिटवर्थच्या आकृतीतला गोल माथा अशा नटात नसतोच. मी ज्याला 'अमेरिकन आकार' म्हटलं होतं, तो नुसता ड्रिलचा ठसा असू शकतो.

नट परत एकदा

मग बघायचं कुठे? जिथे टॅप स्वतः पोहोचतो तिथे: आट्यांच्या तिरक्या भिंतींकडे आणि तळाकडे. नटाच्या आट्याचा तळ टॅपच्या माथ्याने कापलेला असतो, त्यामुळे तो टॅपचा आकार दाखवतो. मी नटात दातांचे ठसे घ्यायचं सिलिकॉन भरलं, ठसा काढला, मधून कापला आणि मोठा फोटो काढून कोन मोजला. वेगवेगळ्या सहा आट्यांवर कोन ५५ च्या आसपास आला, एकदाही ५८ च्या वर गेला नाही. तळ गोल होता. या दोन खुणांत कोनावर जास्त विसंबावं, कारण झिजलेल्या टॅपचा माथाही गोल होतो आणि तळ गोल पाडतो. पण झिजून ६० चा कोन सगळीकडे सारखाच ५५ होईल हे अवघड.

तर नट व्हिटवर्थचा. मग 'यंत्राची दुरुस्ती ब्रिटिश सुट्या भागांनी झाली होती' असं लिहायचं का? मी तसं लिहिलंही. आणि मॅडमनी परत पेन्सिल उचलण्याआधी स्वतःच खोडलं. कारण तीन सुती व्हिटवर्थ टॅप माझ्यासमोर एका मराठी मिस्त्रीच्या डबीत होता, आणि त्या टॅपने मी स्वतः पोलादात व्हिटवर्थ आटे पाडले होते. नट कोणत्या टॅपने केला ते सांगतो. कोणत्या देशात, कोणत्या साली केला ते सांगत नाही.

जेम्स नास्मिथ १८२९ साली हेन्री मॉडस्लेच्या लंडनच्या वर्कशॉपमध्ये रुजू झाला. १८८३ साली छापलेल्या आत्मचरित्रात तो लिहितो की मॉडस्लेच्या आधी बोल्ट आणि नट जोडीजोडीने बनत, आणि अदलाबदल होऊ नये म्हणून त्यांवर खुणा कराव्या लागत. ही पन्नासहून अधिक वर्षांनंतरची आठवण आहे आणि सांगणारा मॉडस्लेचा भक्त, तेव्हा जपून घ्यायची. तरी मला तिचा उपयोग झाला. त्या जगात नटावरून वर्कशॉप ओळखता आलं असतं, कारण टॅप त्या वर्कशॉपचा स्वतःचा असे. मानक आलं आणि ती ओळख पुसली गेली. एकसारखे नट हेच तर व्हिटवर्थला हवं होतं. आणि तेच मला, दीडेकशे वर्षांनी, आडवं आलं.

करून पाहण्याची मर्यादाही सांगायला हवी. माझा टॅप हायस्पीड स्टीलचा, पट्टी आजच्या माइल्ड स्टीलची, तेल बाटलीतलं. १८४१ चा कारागीर साध्या कार्बन पोलादाच्या टॅपने बरंचसं काम घडीव लोखंडात करत होता. त्यामुळे त्याच्या हाताला नेमकं काय जाणवत होतं, याबद्दल माझ्या हाताची साक्ष चालणार नाही. ती मी प्रबंधात दिलेली नाही. पण ड्रिल मोठं असेल तर माथा चपटा राहणार, ही भूमिती आहे. ती तेव्हाही तीच होती, आणि तेवढीच मी वापरली.

प्रकरणात आता त्या नटाबद्दल चारच ओळी आहेत: तीन सुती, इंचाला सोळा आटे, कोन ५५ अंशांच्या जवळ, व्हिटवर्थ पद्धतीच्या टॅपने पाडलेला, माथ्यांचा चपटेपणा बहुधा ड्रिलच्या मापामुळे, बनवल्याचं ठिकाण व काळ अज्ञात. दोन पानं गेली. मधोमध कापलेली ती पट्टी माझ्या टेबलावर आहे, आणि मॅडमनी आता सगळ्या नव्या विद्यार्थ्यांना ती हातात देऊन विचारायला सुरुवात केली आहे: "हे आटे कुठल्या पद्धतीचे?"

तुम्हाला कधी विचारलं, तर माथ्याकडे बघू नका.